चेन-ग्रोथ आणि स्टेप-ग्रोथ: पॉलिथिन-नायलॉनचं उत्तर परीक्षेत कसं लिहायचं

‘चेन-ग्रोथमध्ये पाणी बाहेर पडत नाही, स्टेप-ग्रोथमध्ये पडतं.’ बारावीच्या किंवा बीएस्सीच्या पहिल्या वर्षाच्या उत्तरपत्रिका तपासायला बसलं, की ‘पॉलिथिन आणि नायलॉन ६,६ ची उदाहरणं घेऊन चेन-ग्रोथ आणि स्टेप-ग्रोथ यांतला फरक स्पष्ट करा’ या प्रश्नाखाली पहिलं वाक्य बहुतेक वेळा हेच असतं. पॉलिथिन आणि नायलॉन ६,६ या दोन उदाहरणांपुरतं ते खोटं नाही, म्हणून त्यावर काट मारता येत नाही. पण प्रश्न साखळी कशी वाढते याचा आहे आणि उत्तर बाहेर काय पडलं याचं आहे. पॉलियुरेथेनमध्ये काहीच बाहेर पडत नाही, तरी ते स्टेप-ग्रोथनेच बनतं. तेव्हा पाण्याचा मुद्दा लिहायचा, पण तिसरा किंवा चौथा. पहिला नाही.

पहिला मुद्दा असा: कोण कोणाशी जोडलं जाऊ शकतं? चेन-ग्रोथमध्ये मोनोमर फक्त वाढत्या साखळीच्या जिवंत टोकालाच जोडला जातो. दोन मोनोमर आपापसांत जोडले जात नाहीत. गजरा ओवताना फूल दोऱ्यात जातं ते सुईमुळे, परडीतली फुलं एकमेकांत ओवली जात नाहीत, तसंच. स्टेप-ग्रोथमध्ये सुई नसते. ज्याच्या टोकाला योग्य गट आहे तो कोणाशीही जोडला जातो: मोनोमर मोनोमरशी, दोघांची जोडी दुसऱ्या जोडीशी, लांब तुकडा लांब तुकड्याशी. बाकीचे सगळे फरक या एका गोष्टीतून निघतात. म्हणून उत्तराची सुरुवात इथून करा, मग पुढचं पाठ करावं लागत नाही, एकातून एक सुचत जातं.

पायरी १: पॉलिथिन लिहा, पण कोणतं ते आधी ठरवा

पॉलिथिन दोन प्रकारचं शिकवतात. कमी घनतेचं, म्हणजे एलडीपीई, आणि जास्त घनतेचं, म्हणजे एचडीपीई. दोन्ही चेन-ग्रोथच, पण जिवंत टोक वेगळं. एलडीपीईत ते मुक्त मूलक असतं, तर एचडीपीईत साखळी झिग्लर-नाट्टा उत्प्रेरकातल्या धातूला धरून वाढते. परीक्षेत एलडीपीई घ्या. त्याच्या तीन पायऱ्या सुटसुटीत लिहिता येतात आणि पेनाच्या दोन मिनिटांत मावतात. नेहमीची चूक म्हणजे दोन्हींची खिचडी: दाब १००० ते २००० वातावरण लिहायचा आणि उत्प्रेरक म्हणून झिग्लर-नाट्टा. इतका दाब एलडीपीईला लागतो, तापमान साधारण ३५० ते ५७० केल्विन, आणि सोबत किंचित ऑक्सिजन किंवा पेरॉक्साइड. झिग्लर-नाट्टाचं काम ६-७ वातावरणात भागतं.

किंचित ऑक्सिजन का, हे कळलं तर चेन-ग्रोथ अर्धी कळलीच म्हणायची. १९३३ साली इंग्लंडमध्ये विनिंग्टनच्या आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत फॉसेट आणि गिब्सन हे दोघे एथिलीन आणि बेन्झाल्डिहाइड प्रचंड दाबाखाली तापवून पाहत होते. हवी ती अभिक्रिया झाली नाही, पण भांड्यात पांढरा मेणासारखा पदार्थ सापडला. तो पुन्हा बनवायला गेलं तर कधी बने, कधी नाही. १९३५ मध्ये उलगडा झाला: चुकून शिरलेला थोडासा ऑक्सिजन काम सुरू करून देत होता. म्हणजे एथिलीन कितीही दाबलं तरी ते आपण होऊन एकमेकांना धरत नाही, कोणीतरी सुरुवात करून द्यावी लागते. हा जो सुरुवात करून देणारा, तोच इनिशिएटर.

आता समीकरणं. पेरॉक्साइड घेतलं तर काढायला सोपं जातं:

```
सुरुवात:  RO–OR → 2 RO•
          RO• + CH₂=CH₂ → RO–CH₂–CH₂•
वाढ:      RO–CH₂–CH₂• + n CH₂=CH₂ → RO–(CH₂–CH₂)ₙ–CH₂–CH₂•
शेवट:     ~CH₂–CH₂• + •CH₂–CH₂~ → ~CH₂–CH₂–CH₂–CH₂~
```

इथे ठिपक्याकडे लक्ष द्या. हा ठिपका म्हणजे जिवंत टोक, आणि ‘वाढ’ या ओळीत तो डावीकडेही असतो, उजवीकडेही. तो उजवीकडे लिहायचा राहिला तर साखळी तिथेच मेली, पुढे वाढेल कशी? ‘शेवट’ या ओळीत दोन ठिपके एकत्र येऊन साधा बंध होतो आणि ठिपका नाहीसा होतो. दुसरी चूक त्याहून जास्त दिसते: पुनरावृत्त एकक –[CH₂=CH₂]ₙ– असं दुहेरी बंधासकट लिहिणं. तो दुहेरी बंध मोडला म्हणून तर साखळी झाली. कंसात –CH₂–CH₂– एवढंच हवं. कार्बनला किती बंध झाले ते बोटावर मोजलं तर ही चूक होत नाही.

वेळ असेल तर एक ओळ जादा लिहा. वाढती साखळी कधीकधी मागे वळते, स्वतःच्याच थोड्या आतल्या कार्बनवरचा हायड्रोजन ओढून घेते आणि ठिपका तिकडे सरकतो. तिथून फांदी फुटते. एलडीपीई मऊ आणि कमी घनतेचं असतं ते या फांद्यांमुळे, कारण फांद्या असलेल्या साखळ्या घट्ट रचून बसत नाहीत.

पायरी २: नायलॉन ६,६ लिहा, आणि कार्बन मोजा

नायलॉन ६,६ हे ड्यूपॉन्टमध्ये वॉलेस कॅरोथर्सच्या गटाने १९३५ मध्ये बनवलं. हेक्झामिथिलीनडायअमीन आणि अ‍ॅडिपिक आम्ल, दोघांनाही दोन-दोन टोकं. अमीनच्या दोन्ही टोकांना –NH₂, आम्लाच्या दोन्ही टोकांना –COOH. एक –NH₂ आणि एक –COOH भेटले की अमाइड बंध होतो आणि पाण्याचा एक रेणू सुटतो. यात ठिपका नाही, इनिशिएटर नाही, मेलेली साखळीही नाही. तुकडा कितीही लांब झाला तरी त्याच्या टोकाला अजून –NH₂ किंवा –COOH असतोच, आणि तो पुन्हा जोडला जाऊ शकतो.

```
n H₂N–(CH₂)₆–NH₂ + n HOOC–(CH₂)₄–COOH
   → H–[NH–(CH₂)₆–NH–CO–(CH₂)₄–CO]ₙ–OH + (2n–1) H₂O
```

आम्लात (CH₂)₄ आहे, (CH₂)₆ नाही. ‘६,६’ मधला पहिला सहा अमीनच्या कार्बनचा, दुसरा आम्लाच्या कार्बनचा, आणि आम्लाच्या सहात दोन्ही टोकांचे –COOH मधले कार्बन धरलेले असतात. चार अधिक दोन. घाईत दोन्हीकडे (CH₂)₆ लिहिलं जातं, आणि मग वहीत नायलॉन ६,८ बनलेलं असतं.

पाण्याच्या रेणूंचाही घोळ होतो. कोणी n लिहितं, कोणी 2n. तपासायचं असेल तर n = 1 ठेवून बघा: एक अमीन, एक आम्ल, मध्ये एकच बंध, पाण्याचा एकच रेणू. 2n–1 मध्ये एक घातला की एकच येतो. टोकांचे H आणि OH दाखवले नाहीत तर 2n चालतं, कारण n मोठा असताना एकाने काय फरक पडतो? फक्त n लिहिलं तर मात्र चूक. प्रत्येक एककात दोन अमाइड बंध आहेत, तेव्हा पाणीही दोन.

पायरी ३: अर्धी अभिक्रिया झाल्यावर भांडं उघडून बघा

माझ्या मते या प्रश्नात सगळ्यात वजनदार हाच भाग आहे, आणि वह्यांमध्ये तोच सापडत नाही. त्याला गणितही फारसं लागत नाही, मोजता आलं म्हणजे झालं.

नायलॉनसाठी १०० रेणू अमीनचे आणि १०० रेणू आम्लाचे घ्या. एकूण २०० रेणू. प्रत्येकाला दोन टोकं, म्हणजे –NH₂ गट २०० आणि –COOH गटही २००. आता एक गोष्ट लक्षात ठेवा: एक बंध झाला की दोन तुकड्यांचा एक तुकडा होतो, म्हणजे भांड्यातली रेणूंची संख्या एकाने घटते. (टोकाला टोक जुळून कड्या होतात त्या सोडून देऊ.) निम्मे गट वापरले गेले, म्हणजे १०० बंध झाले. राहिले २०० – १०० = १०० तुकडे. मोनोमर होते २००, तुकडे राहिले १००, म्हणजे एका तुकड्यात सरासरी दोन मोनोमर. अर्धी अभिक्रिया झाली आणि हाती काय, तर सरासरी जोड्या! याला पॉलिमर कोण म्हणेल?

पुढे चला. ९५ टक्के गट वापरले, १९० बंध झाले, १० तुकडे राहिले, सरासरी लांबी २०. ९९ टक्के म्हणजे १९८ बंध, २ तुकडे, सरासरी १००. नायलॉन ६,६ मध्ये पुनरावृत्त एककाचं वस्तुमान २२६ आणि त्यात मोनोमर दोन, म्हणून एका मोनोमरमागे सरासरी ११३. शंभर मोनोमरची साखळी म्हणजे साधारण ११,३००. धागा ओढण्याजोगं मजबूत नायलॉन साधारण याच टप्प्यावर सुरू होतं. म्हणजे लांब साखळी मिळते ती शेवटच्या एक-दोन टक्क्यांत.

आता पॉलिथिनचं भांडं. समजा एथिलीनचे १,००,००० रेणू आहेत आणि परिस्थिती अशी की प्रत्येक साखळी सुमारे १००० एककांवर थांबते. निम्मं एथिलीन संपलं तेव्हा भांड्यात काय आहे? सुमारे ५० साखळ्या, प्रत्येकी १००० एककांच्या, आणि ५०,००० रेणू एथिलीन, हात न लागलेलं. दहा टक्केच संपलं असतं तर साखळ्या १० असत्या, पण त्याही जवळपास तेवढ्याच लांबीच्या. एखादी साखळी सुरू होऊन पूर्ण होणं हे फार झटपट होतं. वेळ गेला की साखळ्यांची लांबी वाढत नाही, त्यांची संख्या वाढते.

पाठ्यपुस्तकात ‘स्टेप-ग्रोथमध्ये मोनोमर लवकर संपतो’ असं वाक्य असतं, तेही इथेच उलगडतं. एखादा रेणू मोनोमर म्हणून उरायला त्याची दोन्ही टोकं मोकळी राहायला हवीत. ९० टक्के गट वापरले गेले असतील, तर एक टोक मोकळं राहण्याची शक्यता दहात एक, दोन्ही मोकळी राहण्याची शंभरात एक. म्हणजे मोनोमर जवळजवळ संपलेला, आणि सरासरी लांबी मात्र जेमतेम १०. पॉलिथिनमध्ये उलट: मोनोमर शेवटपर्यंत थोडाथोडा उरतो आणि लांब साखळ्या पहिल्यापासून असतात.

उत्तरपत्रिकेत हे एका आलेखात दाखवता येतं. आडव्या अक्षावर अभिक्रिया किती टक्के झाली, उभ्या अक्षावर सरासरी रेणुवस्तुमान. पॉलिथिनची रेघ सुरुवातीलाच वर जाऊन जवळपास आडवी धावते. नायलॉनची रेघ तळाशी सरपटत राहते आणि ९५ टक्क्यांच्या पुढे एकदम उभी चढते. अक्षांना नावं द्या. नावं नसलेला आलेख म्हणजे नुसत्या दोन वेड्यावाकड्या रेघा.

पायरी ४: समप्रमाणाचं एक वाक्य

हे फक्त नायलॉनच्या बाजूला लिहायचं, पण लिहाच. वरच्या हिशेबात अमीन १०० आणि आम्ल १०० होतं. समजा वजन करताना अमीन दोन टक्के जास्त पडलं: १०२ आणि १००. आम्लाचे २०० गट आहेत, ते सगळेच्या सगळे संपले असं धरू. २०० बंध झाले, मूळ रेणू २०२, राहिले २ तुकडे. सरासरी १०१. आता आणखी कितीही तापवा, लांबी वाढायची नाही, कारण उरलेल्या प्रत्येक टोकाला –NH₂ आहे आणि जोडीला –COOH शिल्लक नाही. दोन टक्क्यांच्या चुकीने साखळी शंभरावर अडली.

म्हणून नायलॉन ६,६ बनवताना दोन्ही द्रव्यं सुटी मोजून मिसळण्यावर भिस्त ठेवत नाहीत. आधी त्यांचं मीठ बनवतात, ज्याला नायलॉन सॉल्ट म्हणतात. आम्ल आणि अमीन यांच्या मिठात दोघांचं प्रमाण आपोआप एकास एक येतं. मग ते मीठ सुमारे ५५३ केल्विनला तापवतात आणि पाणी काढून घेतात. पाणी तिथेच राहिलं तर उलटी अभिक्रिया चालू राहते आणि ९९ टक्के गाठता येत नाही. याच तर्काने कारखान्यात लांबी मुद्दाम अडवायची असेल तर थोडं अ‍ॅसेटिक आम्ल घालतात. त्याला एकच –COOH, त्यामुळे ज्या टोकाला ते बसलं ते टोक बंद.

काही कॉलेजांत प्रात्यक्षिकाला बीकरमधून चिमट्याने नायलॉनचा दोरा ओढून दाखवतात. ते आठवून उत्तरात ‘पाणी’च्या जागी HCl लिहिणारे असतात. त्या प्रयोगात अ‍ॅडिपिक आम्ल नसतं, त्याचं किंवा तशाच दुसऱ्या आम्लाचं क्लोराइड असतं, म्हणून HCl सुटतो. समीकरणात आम्ल लिहिलं असेल तर पाणीच लिहा.

पायरी ५: तीन-चार गुणांत बसवा

सगळं लिहायला जागा नसते. चार गुणांचा प्रश्न असेल तर मी विद्यार्थ्यांकडून साधारण असं लिहून घेतो:

*चेन-ग्रोथमध्ये मोनोमर फक्त वाढत्या साखळीच्या सक्रिय टोकाला जोडला जातो, म्हणून सुरुवातीला इनिशिएटर लागतो. एथिलीनपासून एलडीपीई बनताना पेरॉक्साइडचे मुक्त मूलक दुहेरी बंधावर जोडले जातात आणि साखळी सुरुवात, वाढ, शेवट या टप्प्यांनी तयार होते. (इथे समीकरणं.) लांब साखळ्या सुरुवातीपासून मिळतात आणि न वापरलेला मोनोमर शेवटपर्यंत उरतो. काहीही बाहेर पडत नाही.*

*स्टेप-ग्रोथमध्ये पूरक गट असलेले कोणतेही दोन रेणू जोडले जातात, वेगळा इनिशिएटर लागत नाही. हेक्झामिथिलीनडायअमीन आणि अ‍ॅडिपिक आम्ल यांच्यापासून नायलॉन ६,६ बनताना –NH₂ आणि –COOH यांच्यात अमाइड बंध होतो आणि पाणी सुटतं. (इथे समीकरण.) मोनोमर लवकर संपतो, पण साखळीची लांबी हळूहळू वाढते, ९९ टक्के गट वापरले गेले तरच सरासरी १०० मोनोमरची साखळी मिळते. त्यासाठी दोन्ही मोनोमर समप्रमाणात लागतात.*

शेजारी आलेख. प्रश्नात ‘फरक स्पष्ट करा’ असेल तर हाच मजकूर दोन रकान्यांत मांडा, पण एका ओळीत एकाच गोष्टीची तुलना येऊ द्या. डावीकडे ‘इनिशिएटर लागतो’ आणि त्याच ओळीत उजवीकडे ‘पाणी सुटतं’ असं लिहिलं तर तो फरक होत नाही, ती दोन सुटी वाक्यं होतात, आणि गुण अर्धाच पडतो. दोन गुणांचा प्रश्न असेल तर आलेख आणि समप्रमाण गाळा. पहिलं वाक्य आणि समीकरणं गाळू नका.

‘नायलॉन ६ लिहिलं तर चालेल का?’ असं दरवर्षी कोणीतरी विचारतं. या प्रश्नात नको. नायलॉन ६ एकाच मोनोमरपासून, कॅप्रोलॅक्टम या कडीच्या आकाराच्या रेणूपासून बनतं. थोड्या पाण्याने काही कड्या उघडतात, आणि पुढे साखळीच्या टोकाचा –NH₂ मुख्यतः नव्या कडीवरच हल्ला करून तिला उघडत जातो. म्हणजे बंध अमाइडचा, पण वाढ बरीचशी टोकाला मोनोमर जोडत जाणारी, आणि एकूण हिशेबात पाणीही सुटत नाही. पुस्तकं त्याला कडी उघडून होणारं बहुवारिकीकरण म्हणून वेगळं सांगतात ते याचमुळे. प्रश्नपत्रिकेत नुसतं ‘नायलॉन’ छापलेलं असलं तरी उत्तरात ‘नायलॉन ६,६’ असं पूर्ण लिहा.